पाच तारे, एक टन

पक्षाघातानं आई अंथरुणाला खिळली, त्या उन्हाळ्यात मी तिच्यासाठी ऑनलाइन एसी मागवला. जुळे सोलापुरातला आमचा फ्लॅट सगळ्यात वरच्या मजल्यावर, थेट स्लॅबखाली आहे. मोबाईलवर मी पाच तारे पाहिले, वीज कमी लागेल म्हणून खूश झाले आणि एक टनाचा घेतला. किती मोठ्या खोलीला तो पुरतो, ती ओळ वाचलीच नाही.

बसवायला आलेल्या मेकॅनिकनं आधी बाहेरच्या स्टँडचे आणि जादा तांब्याच्या पाइपचे पैसे वेगळे पडतील, असं सांगितलं. मग त्यानं पावलांनी खोली मोजली.

"ताई, दीड टन घ्यायचा होता की. वर स्लॅब लई तापतो."

"बदलून मिळेल?"

"आत्ता मिळंल. बसवल्यावर न्हाय. पण आठ-धा दिवस जातील."

आतल्या खोलीत आई घामानं भिजली होती. "बसवा," मी म्हणाले.

दुपारभर एसी क्षणभरही थांबायचा नाही, त्यामुळे वीजही वाचली नाही आणि खोलीही निवली नाही. आईला विचारलं की ती अडखळत म्हणायची, "लई गार वाटतंय." मी मानलं. एकदा कूस बदलताना तिच्या ओल्या पाठीवर फुटलेल्या जखमा दिसल्या. त्याच दिवशी तिची कॉट उत्तरेकडच्या बैठकीत हलवली.

मे संपायच्या आत ती गेली. डॉक्टरांनी कारण हृदयाचं लिहिलं. मला कुणीच बोल लावला नाही.