जावेचं कौतुक

पडदे शिवणाऱ्या थोरलीला धाकट्या जावेच्या कामापेक्षा तिची वेबसाइट जास्त खुपायची. गिऱ्हाइकांचे अभिप्राय, त्यांची नावं, खिडक्यांचे फोटो! दोघींच्या वेबसाइट नणंदेनेच बनवलेल्या, पण थोरलीचं अभिप्रायांचं पान कोरं होतं.

"ते सगळं खोटं असणार," थोरली म्हणाली.

"नाही हो वहिनी," नणंद म्हणाली. "एकेकाला विचारून, परवानगी घेऊन टाकलंय. ज्यांना सवलत दिली, त्यांच्या नावाखाली तसं लिहिलंयसुद्धा."

खोटं असतं तर थोरलीला बरं वाटलं असतं. "मग माझ्यासाठी तूच लिही दहा-बारा. तुझा हात चांगला आहे."

"मी नाही लिहिणार. नवा माणूस तुम्हाला ओळखत नाही, तो त्या चार ओळींच्या भरवशावर दार उघडतो. तुमच्या सगळ्या गिऱ्हाइकांना विचारू या, नुसत्या खूश असलेल्यांना नको."

उत्तरं आली. बरीचशी गोड होती. एकीने पडदे उशिरा मिळाल्याचं लिहिलं होतं. थोरलीने नाक मुरडलं, पण खाली माफी मागून उशिराचं कारण लिहिलं. एका निवृत्त शिक्षिकेचा अभिप्राय वाचून मात्र तिच्या अंगाचा तिळपापड झाला:

'आधी यांच्या जावेकडून पडदे शिवून घेतले होते. शिलाई फारच सुबक होती. या वेळी तिला सवड नव्हती, म्हणून इथे आले. इथली मापं मात्र इतकी नेमकी की पडदा जमिनीला टेकला नाही आणि अधांतरीही राहिला नाही.'

"मापांचं तेवढं ठेव. वरचं उडव," थोरली म्हणाली.

"मग अर्थच बदलतो, वहिनी. ठेवायचं तर पूर्ण, नाहीतर काहीच नको."

थोरलीने शिवणयंत्र इतकं जोरात चालवलं की सुई मोडली. नवी सुई ओवता ओवता ती पुटपुटली, "टाक एकदाचं. माझ्याच घरात तिची आरती."

पुढच्या आठवड्यात अनोळखी बाईंचा फोन आला. त्यांच्या खिडक्या कमानीच्या होत्या, मापं घ्यायला अवघड. थोरली टेप घेऊन गेली, स्टुलावर चढली.

"माझं नाव कुणी सांगितलं?" तिने विचारलं.

"कुणीच नाही. वेबसाइट पाहिली. तुमच्याच पानावर जावेचं कौतुक वाचलं. म्हटलं, ही बाई एवढं लपवत नाही, तर मापांचंही खरंच असणार."

थोरलीला हसू आलं आणि रागही आला. इथेही तीच पुढे!

काम ठरलं. निघताना बाई म्हणाल्या, "उशांचे अभ्रे नाजूक शिलाईचे हवेत. तुमच्या जावेचा नंबर द्याल?"

थोरलीने पिशवीची चेन उगाच दोनदा उघडली, लावली. शेवटचा आकडा जिभेवर अडखळला. पण तिने तो बरोबरच सांगितला, आणि जिना उतरताना जावेला मनातल्या मनात दोन शिव्या हासडल्या.