सोडलेला पट्टा

आमच्या कंपनीत नेटवर्कची आखणी करणाऱ्या बाईंना सगळे डोंगरवाली म्हणतात. बैठक कसलीही असो, "डोंगरापलीकडे आपण कधी जाणार?" हा त्यांचा ठरलेला प्रश्न. पलीकडे त्यांचं सासर. तिथे एकच कंपनी पोहोचते, त्यामुळे दर तिच्या मनाचा आणि आवाजही तिच्या मर्जीचा.

फोनचे संदेश वाहून नेणाऱ्या लहरींचे पट्टे, म्हणजेच स्पेक्ट्रम, सरकार लिलावाने देतं. त्या भागाचे दोन पट्टे घ्यायचं ठरलं होतं. बोलीच्या खोलीत शिरताना आमचे मोबाइल दाराशीच काढून घेतले गेले. मोबाइल कंपनीची माणसं, आणि हात रिकामे!

फेरीगणिक भाव चढत गेला. हिशेब माझ्याकडे. मी म्हटलं, "साहेब, असंच चाललं तर पट्टे मिळतील, पण नेटवर्क उभं करायला पैसा उरणार नाही. तो दरातूनही काढता येणार नाही. दर समोरच्या कंपनीकडे पाहूनच ठेवावा लागतो."

"मग एक पट्टा सोडा," डोंगरवाली म्हणाल्या.

साहेब उखडले. "सोडलेला पुन्हा मागता येत नाही. एकाच पट्ट्यात सगळे फोन कोंबले तर लोक शिव्या घालतील."

"टॉवर वाढवू. तोच पट्टा प्रत्येक टॉवरवर पुन्हा वापरता येतो. टॉवर दाट झाले की एकेकावरची गर्दी कमी होते."

"आणि उभारणार कोण, तुमचे सासरे?"

"ते कशाला? टॉवर भाड्याने देणाऱ्याचे उभेच आहेत, आपणही भाड्याने राहू. भाडेकरू वाढला की टॉवरवाले सगळ्यांचंच भाडं उतरवतात."

"करार झालाय?"

"शब्द झालाय. सगळ्यात वरची जागा जुन्या कंपनीची आहे, मधली रिकामी. मी वर चढून पाहिलीय. मधल्या जागेवरून रेंज थोडी कमी जाईल, ते धरूनच टॉवर जास्त सांगतेय."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी चष्मा पुसला आणि मान डोलावली. आम्ही एक पट्टा सोडला. पुढे काही फेऱ्यांत भाव थांबला, आणि दुसरा पट्टा आमचा झाला. डोंगरवालींनी टेबलावर अशी थाप मारली की माझा चहा सांडला.

टॉवरवाला शब्दाला जागला. सेवा सुरू झाली त्या सकाळी डोंगरवालींनी सासरच्या अंगणातून फोन केला. साहेबांनी स्पीकर लावला.

"आवाज कसा येतोय?"

"शेजारी बसल्यासारखा," साहेब म्हणाले.

तेवढ्यात मागून सासूबाई बोलल्या, "सूनबाई, जुन्या कंपनीने कालच दर निम्म्यावर आणलेत. मग मी कार्ड कशाला बदलू?"

साहेबांचा चेहरा पडला. डोंगरवाली मात्र खळखळून हसल्या.

"नका बदलू, आई. पण इतकी वर्षं न उतरलेले दर आजच का उतरले, ते त्यांना एकदा विचाराच."