"थोडी ओल"

बोर्डाला हात लावताच आईला झटका बसला. शिलाई मशीन तशीच सोडून ती म्हणाली, "घे मोबाईल. लिही मालकाला."

माझ्या कॉलेजासाठी आम्ही दोघी वैरागहून सोलापूरला आलो. घरात कॉलेजला गेलेली मीच पहिली. आई खोलीतच शाळेचे गणवेश शिवते. मालक वरच्या मजल्यावर राहतात. त्यांच्या न्हाणीचा पाइप गळतो, आमची भिंत भिजते आणि मशीनचा बोर्ड त्याच भिंतीवर आहे. पाइपाबद्दल आईनं त्यांना उन्हाळ्यापासून सांगितलं होतं.

"लिही, बोर्डाचा झटका बसला मला. पोरीच्या लग्नात एवढा मांडव घातलास, पाइपाला हात आखडतो व्हय? आमी मेल्यावर बघायला येनार हाईस का?"

मी लिहिलं, 'काका, नमस्कार. भिंतीला थोडी ओल आली आहे. आपल्या सोयीनं बघावं, ही विनंती.'

टोमणे काढले ते बरोबरच होतं. पण झटक्याचं वाक्यही मीच गाळलं. शिष्यवृत्तीसाठी नवा भाडेकरार लागत होता आणि त्यावर काकांची सही हवी होती. हे आईला माहीत नव्हतं.

"समदं लिहिलंस न्हवं?"

"हो."

"बरं झालं. मला मेलीला नीट बोलता येत न्हाय."

काकांचं उत्तर आलं, 'बघू दिवाळीनंतर.'

दुसऱ्या दिवशी सकाळी आई रबरी चपला घालून, लाटण्यानं बटण दाबत होती. "आसं केलं की काय हुत न्हाय," ती हसून म्हणाली. "तू जा की कॉलेजला."

मी जिन्यात बसले आणि पुन्हा लिहिलं:

'काका, नमस्कार. पाइपाची गळती उन्हाळ्यापासून आहे. आईनं आपल्याला आधीही सांगितलं होतं. काल ओल्या बोर्डावर तिला झटका बसला. आता थांबणं धोक्याचं आहे. कृपया आजच वायरमन पाठवावा आणि रविवारपर्यंत पाइप दुरुस्त करून द्यावा. आम्ही घरीच आहोत. आज जमणार नसेल तर कळवा, वायरमन आम्ही बोलावू. खर्च भाड्यातून वळता करण्याबद्दल आपल्याशी बोलून ठरवू. फोटो सोबत पाठवते.'

थोड्या वेळानं काका वायरमनला घेऊनच खाली आले.

"अगं, काल 'थोडी ओल' म्हणालीस. झटक्याचं तेव्हाच का नाही लिहिलंस? मला वाटलं, घाई नाही."

आईनं माझ्याकडे बघितलं. तिनं सगळ्यात आधी तेच तर सांगितलं होतं.

"ल्हान हाय वो," आई काकांना म्हणाली. "मोठ्या मानसाला कसं सांगावं म्हनून भ्याली आसंल."

वायरमननं मेन स्विच पाडला. पंखा थांबला. काका दारातच उभे होते आणि सही बाकी असलेला भाडेकरार माझ्या बॅगेत होता. त्या दिवशी मी तो बाहेर काढला नाही.