आठ वर्षं चार महिने

रिसोडच्या पंचायत समितीत जगदेव एकाच टेबलावर चोवीस वर्षं बसले. निवृत्त होणाऱ्या शिक्षकांचे, ग्रामसेवकांचे, शिपायांचे पेन्शनचे कागद त्या टेबलावरून जात. माणूस समोरच्या खुर्चीत बसला की ते आधी पाणी मागवत, मग सेवापुस्तक उघडत आणि शेवटी एक प्रश्न विचारत, जो कुठल्याही नमुन्यात छापलेला नव्हता.

"वडील किती वर्षांचे होऊन गेले?"

हा प्रश्न अंशराशीकरणाच्या रकान्यापाशी यायचा. अंशराशीकरणाला लोक पेन्शन विकणं म्हणत. मूळ पेन्शनचा जास्तीत जास्त चाळीस टक्के भाग सोडायचा आणि त्याबदल्यात एकरकमी पैसा घ्यायचा. पंधरा वर्षांनी सोडलेला भाग परत सुरू होतो. किती पैसा मिळणार ते वयाच्या तक्त्यावर ठरतं. अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त होणाऱ्याचं पुढच्या वाढदिवसाचं वय एकोणसाठ, आणि एकोणसाठच्या पुढे तक्त्यात आकडा आहे आठ पूर्णांक तीनशे एकाहत्तर. सोडलेली वर्षाची पेन्शन गुणिले हा आकडा. जगदेवांनी त्याचे महिने केले होते. व्याज सोडलं तर आठ वर्षं चार महिने. त्यापेक्षा जास्त जगणाऱ्यानं विकू नये, कमी जगणाऱ्यानं विकावी. इतका साधा सौदा दुसरा नाही, फक्त एक माहिती कोणाजवळच नसते.

गुलाबसिंग गुरुजींना प्लॉट घ्यायचा होता. त्यांनी चाळीस टक्के लिहून आणलं होतं.

"वडील?" जगदेवांनी विचारलं.

"ब्याण्णव."

"आणि माय?"

"हाये ना. काल भांडली माह्यासंग."

"मग कायले विकता गुरुजी? सरकारचा फायदा करून राह्यले तुमी."

"तुमी पेन्शनचे बाबू हा का ज्योतिषी?" गुरुजी म्हणाले. पण त्यांनी लिहिलेला आकडा खोडला. प्लॉट राहून गेला. त्याबद्दल ते अजूनही जगदेवांना बाजारात टोमणे मारत.

जगदेव स्वतः गेल्या वर्षी एकतीस मेला निवृत्त झाले. शेवटचं मूळ वेतन त्रेपन्न हजार पाचशे, पेन्शन सव्वीस हजार सातशे पन्नास. आपल्या अर्जात त्यांनी अंशराशीकरणाच्या रकान्यावर आडवी रेघ मारली. त्यांच्या जागी आलेला विकास हसला होता. "काका, तुमी शंभर वर्षं काढता म्हणून लिहून घेऊ का?"

विकासची गोष्ट वेगळी होती. तो दोन हजार पाचनंतर लागलेला. त्याला पेन्शनच नव्हती, विकायचा प्रश्नच नव्हता. त्याच्या पगारातून दर महिन्याला पैसा कापून साठत होता. निवृत्तीच्या दिवशी त्यातला साठ टक्के हातात आणि उरलेल्या चाळीस टक्क्यांची विमा कंपनीकडून अॅन्युइटी घ्यायची, असा त्याचा नियम. "तुमी पेन्शन विकून पैसा घेता," तो म्हणायचा, "आमाले पैसा देऊन पेन्शन इकत घ्या लागते."

जानेवारीत जगदेव एकटेच अकोल्याला गेले. घरी सांगितलं की जुन्या मित्राकडे जातो. पोटात महिनाभर दुखत होतं, पाठीत जात होतं, वजन उतरत होतं. डॉक्टरांनी स्कॅनची फिल्म उजेडाला धरली. स्वादुपिंडावर गाठ होती आणि ती तिथेच थांबली नव्हती. जगदेवांनी विचारलं, किती. डॉक्टर म्हणाले, असं सांगता येत नाही. जगदेवांनी आयुष्यभर आकडे न सांगणाऱ्या माणसांकडून आकडे काढून घेतले होते. त्यांनी पुन्हा विचारलं, "एक वर्ष धरू का?" डॉक्टरांनी फिल्म पाकिटात घातली. "धरा," ते म्हणाले, "पण त्याच्या पुढचं धरू नका."

परतीच्या एसटीत ते खिडकीशी बसले. तुरी काढून झालेली शेतं बाहेरून जात होती. त्यांच्या डोक्यात नियम उभा होता, जसा टेबलावर उभा राहायचा. निवृत्तीपासून एक वर्षाच्या आत अर्ज केला तर वैद्यकीय तपासणी लागत नाही. वर्ष उलटलं की लागते. म्हणजे एकतीस मे. अर्ज कार्यालयात पोचल्याच्या तारखेला अंशराशीकरण पक्कं होतं. पैसा यायच्या आधी माणूस गेला तरी तो नामनिर्देशनात ज्याचं नाव आहे त्याला मिळतो. आणि विकलेल्या भागाचा एक रुपयाही बायकोच्या फॅमिली पेन्शनमधून कापत नाहीत. तिची पेन्शन शेवटच्या पगारावरून निघते. पहिली काही वर्षं जास्त, मग पगाराच्या तीस टक्के.

हे सगळं ते शेकडो लोकांना सांगत आले होते. आज पहिल्यांदा त्यांनी ते ऐकलं.

हे लबाडीचं आहे का, हा विचार त्यांच्या मनात वाशिमकडच्या मालेगावपर्यंत राहिला. तक्ता सरासरीवर बांधलेला असतो. जास्त जगणारे तोट्यात राहतात म्हणून लवकर मरणाऱ्यांना पुरतं. चोवीस वर्षं त्यांनी जास्त जगणाऱ्यांना त्या तक्त्यापासून दूर ठेवलं होतं. आता ते स्वतः दुसऱ्या दाराने आत जात होते. नियम त्यांना काही विचारत नव्हता. विचारलं असतं तर ते खोटं बोलले नसते.

फेब्रुवारीच्या तीन तारखेला ते अर्ज घेऊन जुन्या टेबलापुढे बसले, लोकांच्या खुर्चीत. विकासनं पाणी मागवलं. अर्ज वाचला. चाळीस टक्के. नामनिर्देशन: पंचफुला, पत्नी.

"काका, हे काय? तुमी तर..."

"वर्षाच्या आत हाय. मेडिकल लागत नाई."

विकासला हे काम जगदेवांनीच शिकवलं होतं. त्यानं कागदावर दहा हजार सातशे लिहिले, बारानं गुणले, तक्त्यातल्या आकड्यानं गुणले. दहा लाख चौऱ्याहत्तर हजार आठशे छत्तीस. हा हिशोब कुठल्या माणसाला परवडतो, ते त्याला माहीत होतं. तो खाली बघून बोलला.

"काकूले माईत हाय?"

"आवक शिक्का मार. तारीख नीट उमटली पायजे."

शिक्का विकासनं दोनदा मारला, पहिला फिका उमटला म्हणून. मग दोघं चहा प्यायले आणि कोणाच्या तरी बदलीबद्दल बोलले.

पंचफुलाला सांगायचं धैर्य जगदेवांना झालं नाही. त्यांना तिच्या दुःखाइतकीच तिच्या हाताची भीती होती. तिच्या हातात पैसा थांबत नसे. भावानं मागितला, भावाला. शेजारणीनं मागितला, शेजारणीला. त्यांची मुलगी वर्षाराणी पुण्यात नर्स होती. ती म्हणायची, आईच्या पाकिटाला तळ नाही. दहा लाख खात्यात पडले तर दोन दिवाळ्या पुरणार नाहीत. म्हणून त्यांनी पुढचं ठरवलं होतं. आलेल्या पैशातून पंचफुलाच्या नावाची अॅन्युइटी घ्यायची. ती जिवंत असेपर्यंत दर महिन्याला पैसा येईल, कोणी मागून मिळणार नाही. ती गेल्यावर मूळ रक्कम वर्षाराणीला. आणि पंचफुला लवकर जाणार नव्हती. तिची आई कस्तुराबाई सत्त्याऐंशीची होती आणि अजून अंगणात बसून शेंगा निवडायची. जगदेव पूर्वी थट्टेनं म्हणायचे, तुमच्या घरातले लोक मरायचं विसरतात.

पैसा जुलैत जमा झाला. तोवर जगदेवांचे गाल आत गेले होते. पंचफुला त्याला ॲसिडिटी समजत होती, कारण गोळ्यांच्या डबीवर त्यांनी तसं लिहिलं होतं. पेन्शन विकल्याचं तिला त्याच आठवड्यात कळलं. वर्षाराणीच्या लग्नासाठी असेल असं ती समजली आणि गप्प राहिली.

विमा एजंट मुन्ना रविवारी सकाळी घरी आला. पंचफुलाच्या माहेरच्या गल्लीतला, म्हणून तिला आत्या म्हणायचा. त्यानं खाटेवर कागद पसरले.

"दहा लाखाची घ्याची म्हणता. आत्याच्या एकटीच्या नावानं महिन्याले पाच हजार तीनशेच्या आसपास. पण मामाजी, दोघांची घ्या ना. दोघांतलं कोणी बी असलं तरी पैसा चालू राह्यते. महिन्याले शंभर-सव्वाशेचाच फरक पडते."

"एकटीची," जगदेव म्हणाले.

"सगळे दोघांचीच घेतात मामाजी."

"घेऊ दे. तू तिची लिही."

पंचफुला चहाच्या कपबशा घेऊन दारात उभी होती. तिनं त्या खाली ठेवल्या नाहीत.

"तुमचं नाव काहून नाई?" तिनं विचारलं.

"मले पेन्शन हाय ना."

"अर्धी तं इकली तुमी."

"चाळीस टक्के," जगदेव म्हणाले. चूक दुरुस्त करण्याची सवय होती.

ती त्यांच्याकडे बघत राहिली. तिला तक्ता माहीत नव्हता. पण चोवीस वर्षं जेवताना तिनं कोणा ना कोणा माणसाची गोष्ट ऐकली होती, ज्याला तिच्या नवऱ्यानं विकू दिलं नव्हतं. आठ वर्षं चार महिने. तिला तो आकडा देवाच्या आरतीसारखा पाठ होता. जो तितकं जगणार नाही त्यानंच विकावी. महिन्याचे दहा हजार सोडून तिच्यासाठी पाच हजार विकत घेणारा माणूस तिच्यासमोर बसला होता, आणि त्याला हिशोब येत नाही असं तिला म्हणता येत नव्हतं.

"अकोल्याले कोणता मित्र हाय तुमचा?" ती म्हणाली.

मुन्ना कागद सारखे करू लागला.

तिनं कपबशा खिडकीत ठेवल्या. पदरानं हात पुसले, कोरडे होते तरी. मग ती खाटेच्या कडेला बसली, जगदेवांच्या बाजूला, मुन्नाच्या समोर.

"दोघाईचं लिही रे."

"पंचफुला, उगीच पैसे जातीन तुहे. दर महिन्याले, तू हायेस तोपर्यंत."

"जाऊ द्या."

"काई फायदा नाई त्याच्यात."

"फायद्याचं तुमी जलमभर पाह्यलं," ती म्हणाली. "माह्या कागदावर माह्यं चालू द्या. मी एकटीचा पैसा नाई खात. मुन्ना, लिही."

मुन्नानं जगदेवांकडे पाहिलं. चोवीस वर्षं लोकांचे रकाने दुरुस्त करणारा माणूस त्या चुकीच्या रकान्याकडे बघत होता. त्याचा हात एकदा उचलला गेला आणि गुडघ्यावर परत आला.

"दुसऱ्या नावाचं वय?" मुन्नानं विचारलं.

"एकोणसाठ," पंचफुला म्हणाली. "मे महिन्यात पूर्ण झाले."

मुन्नानं लिहिलं. तिनं सही केली, हळू, प्रत्येक अक्षर सुटं. मग पेन जगदेवांच्या हातात दिला आणि त्यांची सही होईपर्यंत कागदाचा कोपरा बोटानं दाबून धरला, कारण पंख्यानं तो उडत होता.