पाचूची अंगठी आणि ताईंची गिरणी

दातांच्या डॉक्टरांच्या हाताखाली ताईंचं उभं आयुष्य गेलं. डॉक्टरांनी दवाखाना बंद केला तेव्हा, आठवण म्हणून काय हवं, असं त्यांनी ताईंना विचारलं. ताईंनी अवजारं साफ करायचं अल्ट्रासोनिक मशीन मागून घेतलं. डब्याएवढं स्टीलचं भांडं, आत जाळीची टोपली. बटण दाबलं की पाण्यात बारीक बुडबुडे उठतात, फुटतात आणि सांदीकोपऱ्यातला मळ सुटून येतो. आवाज असा, की मुलानं पहिल्याच दिवशी नाव ठेवलं, ‘आईची गिरणी’.

गिरणी स्वयंपाकघराच्या ओट्यावर बसली आणि ताईंना पुन्हा काम मिळालं. पाण्यात साबणाचे थेंब टाकायचे, कुणा शेजारणीची साखळी सोडायची आणि पाणी गढूळ झालं की तिला हाक मारायची. “बघा! हे गळ्यात घालून हिंडत होतात!” सोन्याच्या बांगड्या, घट्ट बसवलेल्या हिऱ्यांच्या कुड्या कशा लखलखून निघायच्या. खालच्या मजल्यावरच्या शिवणवाल्या बाईंच्या कानातल्यांचे खडे मात्र टोपलीत गळून पडले.

“डिंकानं चिकटवलेले होते, बाई. तुम्हाला फसवलं सोनारानं,” ताई ठणकावून म्हणाल्या. मशीनचं काही चुकतंय, हे त्यांच्या मनालाही शिवलं नाही. दवाखान्यात जे टाकलं ते साफ होऊनच निघालं होतं.

सून शाळेत चित्रकला शिकवायची. तिच्या बोटात कायम पाचूची अंगठी असे. तिची आई गेली, तेव्हा तीच एक वस्तू तिनं मागून घेतली होती. एका रविवारी मातीकाम करायला बसताना तिनं अंगठी काढून बेसिनपाशी ठेवली. ताईंनी ती उचलून पाहिली. खडा धरून ठेवणाऱ्या नख्यांखाली निळा रंग वाळून बसला होता.

‘पोरीला खूश करून टाकू,’ ताई मनाशी म्हणाल्या. दवाखान्यातल्या सवयीनं त्यांनी पाणी चांगलं गरम केलं आणि गिरणी सुरू केली.

अंगठी बाहेर आली तेव्हा सोनं झगझगत होतं. पाचू मात्र कोमेजला होता. हिरव्या रंगाच्या पोटात पांढुरक्या रेघा उठल्या होत्या, काचेला तडे जावेत तशा. साबण राहिला असेल म्हणून ताईंनी नळाखाली धरली. पुसली. पदरानं पुन्हा पुसली. रेघा तिथंच.

गुपचूप बेसिनपाशी ठेवून द्यावी, असं क्षणभर त्यांच्या मनात आलंही. पण सोनं इतकं चमकत होतं की खोटं बोलायला जागाच उरली नव्हती. त्या अंगठी तळहातावर घेऊन सुनेसमोर उभ्या राहिल्या.

“अगं, मी... हे बघ काय करून बसले.”

सुनेचे हात मातीनं भरलेले होते. तिनं अंगठी पाहिली. मग हात धुतले, चप्पल घातली. “चला सराफाकडे,” एवढंच म्हणाली. ती ओरडली असती तर ताईंना बरं वाटलं असतं.

सराफांनी भिंग डोळ्याला लावलं आणि सुस्कारा सोडला. “मशीनमध्ये घातलीत ना? तेही गरम पाण्यात?”

“दवाखान्यात तसंच करायचो.”

“दात काढायच्या चिमट्याला चालतं हो, काकू. बहुतेक पाचूंच्या पोटात जन्मापासून भेगा असतात. त्या दिसू नयेत म्हणून तेल मुरवतात. तुमच्या मशीननं ते बाहेर काढलं. मोती, पोवळं, ओपल, फिरोजा हेही कधी घालू नका. चिकटवलेला खडा नको, नख्या सैल असतील तर हिराही नको.”

ताईंना शिवणवाल्या बाईंची कानातली आठवली. त्या खाली मान घालून म्हणाल्या, “खडा फुटलाय का?”

सराफ बराच वेळ भिंगातून बघत राहिले. सुनेनं काउंटरची कड घट्ट धरली होती.

“नाही. भेग पुढे सरकली नाहीये. पुन्हा तेल भरून देतो. एखादी रेघ कदाचित राहील.”

 परतताना अर्ध्या रस्त्यात सून एकदम फसकन हसली. तिचे डोळे भरले होते.

“माझी आई जगाला सांगायची, माझा पाचू एकदम निर्दोष! तिला हे तेलाचं कळलं असतं ना, तर तिनं सराफाचं दुकान डोक्यावर घेतलं असतं.”

“आणि मला?”

“तुम्हाला तर त्या टोपलीत बसवून बटण दाबलं असतं.”

ताईंनी भर रस्त्यात तिचा हात धरला. मातीचा कण अजून नखात होता.

अंगठी परत आली. एक बारीक रेघ राहिलीच. सून ती बोटात घालते आणि रंगकामाला बसताना आता ताईंच्याच हातात काढून देते.

परवा तिनं आपल्या मोत्यांच्या कुड्या ओट्यावर आणून ठेवल्या. “आई, जरा साफ करता?”

मुलगा पेपरातून डोकं वर काढून बघू लागला. ताईंनी मऊ फडकं ओलं केलं, घट्ट पिळलं आणि एकेक मोती तान्ह्या बाळाचं तोंड पुसावं तसा पुसू लागल्या.

“गिरणी नाही लावत?” सुनेनं विचारलं.

“गप्प बस,” ताई म्हणाल्या. “दुसरी कुडी दे.”