चालतंय की, पण कोणत्या मशीनवर?

आमच्या सांगलीत "चालतंय की" म्हणजे नेमकं काय, हे बाहेरच्या माणसाला समजावता येत नाही. जेवायला येणार का? चालतंय की. गाडीत पाचवा माणूस बसवू का? चालतंय की. त्यात होकार असतो, तयारी असते, बेफिकिरी तर भरपूर असते. माहिती तेवढी नसते. इथं जन्मून, इथं वाढून मला हे कळू नये, याचा संताप अजून जात नाही.

विश्रामबागेत दातांच्या दवाखान्याच्या वर आमचं ऑफिस होतं. माणसं चार. काम, बेदाणा ठेवणाऱ्या कोल्ड स्टोरेजसाठी अ‍ॅप करायचं: माल किती आला, किती गेला, पावती द्या. मालक मंडळींना ते क्लाउडवर तर हवंच होतं, पण नेट गेलं तर ऑफिसातल्या लॅपटॉपवरही तेच हवं होतं. म्हणून आम्ही कंटेनर इमेज करायचो. म्हणजे अ‍ॅप आणि त्याला लागणारं सगळं सामान एका पेटीत बांधायचं. पेटी कुठंही न्या, उघडा, वापरा. असं पुस्तकात लिहिलेलं असतं.

गोम प्रोसेसरची. माझा नवा लॅपटॉप आर्म जातीचा. क्लाउडवरचे सर्व्हरही आर्मचे, कारण पुण्याच्या मोठ्या साहेबांना ते स्वस्त पडायचे. पण कोल्ड स्टोरेजमधले लॅपटॉप, आणि माझ्या आटपाडीच्या सहकाऱ्याचाही, सगळे दुसऱ्या जातीचे, एएमडी६४ म्हणतात ते. एकासाठी बांधलेली पेटी दुसऱ्यावर उघडत नाही.

साहेबांनी फोनवर गोड आवाजात सांगून टाकलं होतं, "सोमवारच्या डेमोत एकच इमेज दोन्हीकडं चालली नाही, तर सांगलीचं ऑफिस बंद. तुम्ही सगळे पुण्याला या." बाकीच्यांचं मला माहीत नाही, पण मी पुणं सोडून मुद्दाम परत आले होते. आई गेल्यावर आप्पा घरात एकटे होते. फौजेतून रिटायर झालेला माणूस. घर सोडायचं नाव काढलं की तोंड फिरवून बसायचे. मला जावं लागलं असतं तर ते एकटेच राहिले असते. मला ते अजिबात नको होतं.

तर आम्ही लागलो कामाला. मी माझ्या लॅपटॉपवर इमेज बांधून रजिस्ट्रीवर, म्हणजे इमेज ठेवायच्या नेटवरच्या कोठारात, चढवली. क्लाउडवर चालली. आटपाडीकरानं त्याच्या लॅपटॉपवर बांधली आणि त्याच नावानं चढवली. त्याच्याकडं चालली, क्लाउडवर बोंब. मी परत चढवली. क्लाउड सुरू, त्याचं बंद. एकाच खुर्चीवर दोघं बसायला बघत होतो. शेवटी चढवणारा पहिल्याला ढकलत होता. दुपार गेली तेव्हा कुठं आमच्या डोक्यात उजेड पडला.

"अरे, तू माझ्यावर चढवतोयस!" मी ओरडले.

"ताई, तुमीच माझ्यावर चढवताय," तो शांतपणे म्हणाला. हा माणूस कधी चिडत नाही. त्याचाच मला जास्त राग यायचा.

यावर उपाय आहे. दोन्ही जातींच्या इमेज बांधायच्या आणि एकाच नावाखाली दोघींची यादी ठेवायची. मशीन येऊन नाव सांगतं, आणि त्याच्या जातीची इमेज त्याला मिळते. दोन्ही माझ्या लॅपटॉपवर बांधून पाहिल्या, तर दुसऱ्या जातीची बांधताना लॅपटॉप त्या प्रोसेसरची नक्कल करत बसला, आणि तेवढ्यात आमचा दोनदा चहा झाला. मग आर्मची माझ्याकडं, दुसरी त्याच्याकडं बांधली आणि दोन्ही एका नावाखाली जोडल्या. झटक्यात झालं. आमचा आम्हालाच फार अभिमान वाटला.

शनिवारी तो गावी गेला. मी माझ्या लॅपटॉपवर सगळं तपासलं. पावतीसुद्धा छान निघाली. तरी सावध राहावं म्हणून त्याला फोन केला. "क्लाउडच्या आर्म सर्व्हरवर पावती काढून बघायची होती. चालतंय?"

"चालतंय की," तो म्हणाला.

मी सुखानं फोन ठेवला.

सोमवारी तासगावकडचे एक मालक आमच्या ऑफिसात येऊन बसले, साहेब पुण्याहून पडद्यावर. सहकाऱ्याच्या लॅपटॉपवर सगळं झकास. मग क्लाउड. लॉगिन झालं, माल दिसला, मालक मान डोलवायला लागले. मी ऐटीत पावतीचं बटण दाबलं. पडद्यावर आलं: एक्झेक फॉरमॅट एरर. म्हणजे, मशीन म्हणतंय, ही भाषा मला येत न्हाई बाबा.

मी सहकाऱ्याकडं वळले. "तू म्हणालास ना चालतंय म्हणून!"

"व्हय. म्हंजे बगतो म्हनलं की. आज बगनारच होतो."

देवा! मी विचारलं होतं चालतंय का, त्यानं ऐकलं करशील का. दोघंही याच मातीतले, दोघंही मराठी बोलणारे.

पण मग माझ्या लॅपटॉपवर पावती निघाली कशी? तोही आर्मचाच की. इमेज बांधायची कृती उघडली तेव्हा समजलं. पावतीची पीडीएफ करणारा प्रोग्रॅम आम्ही नेटवरून उतरवून आत ठेवत होतो, आणि त्या पत्त्यात सरळसरळ एएमडी६४ लिहिलेलं होतं. म्हणजे पेटीवर लेबल आर्मचं आणि आत एक वस्तू परजातीची. माझ्या लॅपटॉपवरच्या कंटेनर चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये दुसऱ्या जातीची नक्कल करायची व्यवस्था आधीच बसवलेली असते. त्यानं तो प्रोग्रॅम गुपचूप चालवून घेतला, मला कळूही दिलं नाही. सर्व्हरवर असले लाड नव्हते.

ही कृती पुण्याहून आली होती. साहेबांनी स्वतः लिहिलेली. अधूनमधून ते अभिमानानं सांगायचेही. माझ्या जिभेवर वाक्य तयार होतं. पण पडद्यावर साहेबांनी एकदम चष्मा पुसायला घेतला, तेव्हा त्यांनाही आठवलंय हे मला कळलं. मी वाक्य गिळलं. मला ऑफिस वाचवायचं होतं, भांडण नव्हे.

"आवं ताई, च्या सांगू का अजून?" मालकांनी विचारलं. त्यांना काही घाई नव्हती.

पत्त्यातलं एएमडी६४ काढलं, तिथं बांधणी ज्या जातीसाठी चालली असेल तिचं नाव आपोआप भरलं जाईल असं केलं. दोघांनी आपापल्या जातीची इमेज बांधली, दोन्ही जोडल्या, सर्व्हरवर उतरवल्या. चहा संपेपर्यंत पावती आली. मालकांनी ती उलटसुलट करून पाहिली आणि म्हणाले, "लय भारी." डेमो पास.

साहेब खूश झाले. इतके खूश, की दोन दिवसांनी त्यांचा फोन आला. "आता आपलं सगळं कुठंही चालतं. मग ऑफिसचं भाडं कशाला? सांगली बंद करू. घरूनच काम करा सगळे."

ज्या ऑफिससाठी मी जिवाचं रान केलं, ते सगळं कुठंही चाललं म्हणूनच बंद झालं. आटपाडीकरानं त्याच दिवशी बॅग भरली. त्याचं गाव, त्याची म्हस, त्याचं नेट, सगळं उत्तम. मी मॉनिटर उचलून रिक्षानं घरी आले. जिंकले का हरले, हेच समजत नव्हतं.

आप्पा पायरीवर होते. "आप्पा, आता मी घरीच. रोज, दिवसभर."

त्यांनी मॉनिटरकडं बघितलं. मग उठले आणि आत जाताना म्हणाले, "मग दुपारचं बी करत जाईन. एकट्यासाठी कोन चूल पेटवतंय?"