पाठीला कापड लावलेला कागद

बाबा कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसात होते. भोपाळच्या त्या टाउनशिपमध्ये आमच्या ओळीतले बहुतेक बाबालोक खाकी कपडे आणि ग्रीसचा वास घेऊन घरी यायचे, आमचे बाबा पेन्सिलीचा वास घेऊन यायचे. अडतीसाव्या वर्षी त्यांनी ती नोकरी सोडली. कशाला सोडली म्हणाल तर ऑफिसात कॉम्प्युटर आले आणि बाबांचा बोर्ड भिंतीकडे सरकवला गेला, एवढंच. ‘मी काय शोभेला बसू?’ म्हणाले आणि राजीनामा दिला. गोविंदपुऱ्यातल्या छोट्या कारखान्यांना नकाशे काढून द्यायचं स्वतःचं ऑफिस काढायचं त्यांनी ठरवलं. आई तेव्हा आठवडाभर त्यांच्याशी बोलली नाही. क्वार्टर गेलं, दवाखाना गेला, आणि आम्ही बाग सेवनियाला दोन खोल्यांत भाड्याने राहायला आलो.

नोकरी सोडताना पीएफचे पैसे हातात मिळाले. पेन्शनच्या खात्यातले मात्र मिळाले नाहीत. दहा वर्षांपेक्षा जास्त नोकरी झाली असली की ते काढता येत नाहीत, असा नियम. त्याऐवजी पीएफ ऑफिसकडून एक प्रमाणपत्र आलं. त्यावर बाबांचं नाव, जन्मतारीख, किती वर्षं नोकरी झाली ते, आणि खाली आईचं, माझं आणि माझ्या धाकट्या भावाचं नाव होतं. बाबांना अठ्ठावन्न पूर्ण झाली की हा मूळ कागद अर्जासोबत परत करायचा आणि मग महिन्याच्या महिन्याला पेन्शन सुरू होणार, असं बाबांनी आम्हाला समोर बसवून समजावलं. म्हणजे वीस वर्षं कागद सांभाळायचा.

वीस वर्षं! आमच्या घरात रेशनकार्ड दोन वर्षं धड राहात नव्हतं. पण बाबा पडले ड्राफ्ट्समन. कागद टिकवणं हाच त्यांचा धंदा. जुने महत्त्वाचे नकाशे ते लोक कापडावर चिकटवून ठेवायचे, तसं केलं की कागद घडीवर फाटत नाही. बाबांनी आईकडून मैद्याची खळ शिजवून घेतली, कसर लागू नये म्हणून त्यात चिमूटभर मोरचूद घातलं, आणि मांजरपाटाचा तुकडा पाटावर ताणून त्यावर ते प्रमाणपत्र चिकटवलं. हातरुमालाची घडी करून मधून कडेकडे हळूहळू दाबत गेले. एक बुडबुडा राहू दिला नाही. दोन दिवस ते तसंच वाळत ठेवलं, आणि आम्हा भावंडांना त्या खोलीत पाय टाकायची बंदी होती. वाळल्यावर त्यांनी ते आईच्या हातात दिलं. ‘हे अठ्ठावन्नच्या आधी काढायचं नाही. आणि मूळ कागद कुणाच्या हातात द्यायचा नाही, झेरॉक्स मागितली तरी समोर उभं राहून काढून आणायची.’

आईने ते तिच्या शालूच्या घडीत ठेवलं. चार वर्षांनी बाबा गेले. सकाळी छातीत दुखतंय म्हणाले, अकरा वाजता हमीदिया हॉस्पिटलच्या पायऱ्यांवर होते, आणि दुपारी नव्हते. मी सोळा वर्षांची होते, भाऊ दहाचा.

त्यानंतरचं काय सांगू? आईने चकल्या केल्या, अनारसे केले, शिवाजी नगरातल्या मराठी घरांतून दिवाळीच्या ऑर्डरी घेतल्या, बाकीचे दहा महिने ब्लाउजं शिवली. ऑर्डर पोचवायला मी सायकलवरून जायचे आणि दारात उभी राहून ‘आई म्हणाली, तूप महागलंय’ हे पाठ केलेलं वाक्य म्हणायचे. लाज वाटायची. आजही त्या गल्लीतून जाताना वाटते.

बारावीनंतर मला नर्सिंगला जागा मिळाली होती. जागा मिळाली होती, हे मी आजही कुणाला सांगताना दोनदा सांगते. फी भरायची शेवटची तारीख तीन दिवसांवर होती. मी आईला म्हटलं, ‘बाबांचा तो पेन्शनचा कागद काढ. पीएफ ऑफिसात जाऊन निदान विचार तरी!’

‘ते अठ्ठावन्नला आहे.’

‘अगं, पण बाबाच नाहीत आता. कोण होणार आहे अठ्ठावन्न?’

आईने माझ्या थोबाडीत मारली. त्याआधी कधी मारलं नव्हतं, त्यानंतरही नाही. मग ती बसली आणि म्हणाली, ‘आधी गेलो आणि त्यांनी कागद ठेवून घेतला, रद्द केला, तर? म्हातारपणी मी कुणाच्या दारात जाऊ? तुझ्या नवऱ्याच्या?’

मलाही वाटत होतं की वेळेआधी दाखवला तर कागद वाया जाईल. बाबांनीच तर सांगून ठेवलेलं, आणि बाबांचं सांगणं कधी चुकल्याचं आम्ही पाहिलं नव्हतं. मी तो कागद हातात घेऊन दहा वेळा वाचला. इंग्रजीत आणि हिंदीत, शब्दन्‌शब्द. त्यात नाव होतं, नोकरी होती, आमची नावं होती. पुढे काय करायचं ते काही नव्हतं. मी तो परत शालूत ठेवला आणि न्यू मार्केटमधल्या एका औषधाच्या दुकानात काउंटरला लागले. नर्स व्हायचं ते गोळ्यांच्या पट्ट्या कापत बसले. भाऊ शिकला. त्याच्यावर माझा राग नाही. थोडा आहे, पण तो त्याचा दोष नाही.

आई मात्र हिशोब विसरली नाही. दरवर्षी बाबांच्या वाढदिवशी ती शिरा करायची आणि म्हणायची, ‘आज त्यांना सत्तेचाळीस झाली असती.’ मग अठ्ठेचाळीस, मग पन्नास. पावसाळ्यानंतर शालू उन्हात टाकायची तेव्हा कागदही बाहेर यायचा, फडक्याने पुसून परत जायचा. एकदा घरात वाळवी लागली, दोन पेट्या खाल्ल्या, माझी बारावीची मार्कशीट खाल्ली. बाबांच्या कागदाला तोंडसुद्धा लावलं नाही. ‘बघ,’ आई म्हणाली, ‘त्यांनी केलेलं काम आहे ते.’ मला हसावं की रडावं कळेना.

अठ्ठावन्न पूर्ण झाली त्याच्या दुसऱ्या दिवशी आम्ही पीएफ ऑफिसात गेलो. मी बत्तीस वर्षांची, आई लाल काठाच्या साडीत, पिशवीत कागद, बाबांचा मृत्यूचा दाखला, आधार कार्डं, पासबुक. आई रिक्षात मला सारखं बजावत होती, ‘मी देईन कागद. तू मध्ये बोलू नकोस.’

मदतीच्या खिडकीवर एक बाई होत्या, माझ्याहून थोड्या मोठ्या, केस पांढरे व्हायला लागलेले. त्यांनी कागद हातात घेतला, मागे कापड बघून म्हणाल्या, ‘वाह माताजी, क्या सँभालके रखा है!’ आईचा चेहरा असा फुलला की मला तिच्याकडे बघवेना. मग त्यांनी मृत्यूचा दाखला पाहिला. परत कागद पाहिला. परत दाखला.

‘ये तो सोलह साल पहले गुज़र गए?’

‘हो,’ आई म्हणाली. ‘पण अठ्ठावन्न काल झाली.’

बाईंनी चष्मा काढला. हळू आवाजात, एकेक शब्द सावकाश, त्यांनी सांगितलं. अठ्ठावन्नची अट माणूस जिवंत असेल तर. प्रमाणपत्र घेतलेला माणूस त्याआधी गेला, तर दुसऱ्या दिवसापासून बायकोची पेन्शन सुरू होते. मुलांचीही, पंचवीस वर्षांची होईपर्यंत. ‘आपको तभी आना था, माताजी. तेरहवीं के बाद ही.’ अजूनही मिळेल, त्या दिवसापासूनची थकबाकीही मिळेल, अर्ज भरा, असं त्या म्हणत राहिल्या. मला पुढचं काही ऐकूच आलं नाही. माझ्या डोक्यात फक्त एकच, फी भरायचे ते तीन दिवस.

मी भडकले. खिडकीवर हात आपटून म्हटलं, ‘हे कुठे लिहिलंय? मी वाचलाय तो कागद! दहा वेळा वाचलाय! त्यात हे नाही!’

बाईंना राग आला नाही. त्यांनी टेबलावरच्या गठ्ठ्यातून दुसऱ्या कुणाचंतरी प्रमाणपत्र काढलं, त्याचं नाव हाताने झाकलं, आणि ते उलटं करून माझ्यासमोर ठेवलं.

मागची बाजू पूर्ण छापलेली होती. धारकासाठी सूचना. एक, दोन, तीन, चार. दुसरी नोकरी लागली तर काय करायचं, अठ्ठावन्नला काय करायचं, आणि त्याखाली, धारकाचा मृत्यू झाल्यास कुटुंबाने अर्ज कसा करायचा.

आईला हिंदी वाचता येत होतं, पण चष्मा घरी राहिला होता. ‘काय लिहिलंय, वाच,’ ती म्हणाली. मी वाचलं. एकदा वाचलं तर म्हणाली, परत वाच. मग तिने आपला कागद उचलला, उलटा केला, आणि मांजरपाटावरून बोट फिरवू लागली. वीस वर्षांत कापड जरासं पिवळं पडलं होतं, पण कुठे सुटलं नव्हतं.

मागे रांगेत लोक कुरकुरायला लागले. बाईंनी अर्ज पुढे सरकवला, कुठे फोटो लावायचे, बँकेच्या मॅनेजरची सही कुठे घ्यायची ते खुणा करून दिलं. मग आणखी एक कागद दिला. पतीच्या मृत्यूनंतर मी पुनर्विवाह केलेला नाही, असं लिहून त्याखाली आईने सही करायची होती.

मी बाबांवर इतकी चिडले होते की ते समोर असते तर मी काय बोलले असते, देव जाणे. आईवर ओरडायला मी तोंड उघडलं, तेव्हा ती माझ्याकडे न बघता विचारत होती, ‘चिकटवायच्या आधी त्यांनी मागचं वाचलं असेल ना गं?’

बाबा दुकानाची पावतीसुद्धा दोन्ही बाजूंनी वाचायचे. त्यांनी ते वाचलं होतं. आपण मेल्यावर काय, ते लिहिलेली बाजू त्यांनी वाचली होती आणि नीट, एक बुडबुडा न ठेवता, कापडाला चिकटवून टाकली होती. आपल्या बायकोने ते बघू नये म्हणून असेल, किंवा स्वतःलाच बघायचं नव्हतं म्हणून. अडतीस वर्षांच्या माणसाला वाटतं का, की आपण मरू?

‘नसेल वाचलं, आई,’ मी म्हटलं. ‘घाईत असतील.’

बाबा आयुष्यात कधी घाईत नव्हते, हे तिला माझ्याहून जास्त माहीत होतं.

‘हो,’ ती म्हणाली. ‘घाईतच असतील.’ आणि सही करायला तिने माझ्याकडे पेन मागितलं.